बॅटरी बदलली तरी तेच: लपून जाहिराती चालवणारा गेम आकड्यांवरून कसा शोधायचा

खानावळ चालवणाऱ्या एक काकू माझ्या दुरुस्तीच्या दुकानात तिसऱ्यांदा आल्या, तेव्हा मला आधी माझीच लाज वाटली. पहिल्या खेपेला त्यांनी "दुपारपर्यंत बॅटरी संपते" असं सांगितलं होतं आणि मी नवी बॅटरी बसवून दिली होती. दुसऱ्या खेपेला फोन रीसेट केला. तिसऱ्या खेपेला त्या काउंटरवर फोन ठेवत म्हणाल्या, "अरे, बॅटरी नवी, सगळं पुसून दिलंस, तरी तीन वाजता पन्नास टक्क्यांच्या खाली. आणि आता दीड जीबीचं नेटसुद्धा संध्याकाळपर्यंत पुरत नाही. कुठं जातं ते?"

हे दुसरं वाक्य मी पहिल्याच दिवशी विचारून घ्यायला हवं होतं. बॅटरी आणि डेटा एकाच वेळी, एकाच चालीने संपत असतील, तर दोष बहुधा बॅटरीत नसतो. खराब बॅटरी डेटा खात नाही. कुठलंतरी ॲप सतत काहीतरी ओढत असतं. फोन ज्यांच्याकडे फावल्या वेळात गेम खेळायला असतो, त्यांच्या बाबतीत मी आता आधी गेमवरच संशय घेतो.

जाहिरात दाखवणारा गेम म्हणजे चोर नव्हे, हे आधी सांगून ठेवतो. फुकटातल्या गेमचं पोट जाहिरातींवरच चालतं. गडबड तेव्हा होते, जेव्हा जाहिरात तुम्हाला दिसतच नाही, पण फोन ती उतरवून घेतो, आत कुठेतरी चालवतो आणि जाहिरातदाराला "पाहिली" असा हिशेब पाठवतो. पैसे जाहिरातदाराचे जातात, डेटा आणि बॅटरी तुमची. हे काही ऐकीव नाही. 2019 मध्ये ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीने ड्रेनरबॉट नावाचा असा एक प्रकार उघड केला होता. ॲपमध्ये बसवलेला एक तयार कोड न दिसणारे व्हिडिओ उतरवत राही, आणि त्यात महिन्याला 10 जीबीपेक्षा जास्त डेटा जाऊ शकत होता. 2023 मध्ये मॅकॲफी या अँटिव्हायरस बनवणाऱ्या कंपनीने प्ले स्टोअरवरचे ठोकळे रचायचे 38 गेम दाखवून दिले. ते सगळे मिळून किमान साडेतीन कोटी वेळा उतरवले गेले होते. गेम नीट चालायचा, पडद्यावर काहीही वावगं दिसायचं नाही, आणि मागे जाहिरातींची देवाणघेवाण चालू असायची.

या दुसऱ्या उदाहरणातली गोम लक्षात घ्या, कारण बहुतेक जण इथेच चुकतात. सगळे जण "बॅकग्राउंड डेटा" तपासतात. पण गेम पडद्यावर उघडा असताना त्याच्या आड चालणारी जाहिरात बॅकग्राउंडमध्ये मोजलीच जात नाही. ती फोरग्राउंडच्या खात्यात पडते आणि वरवर पाहणाऱ्याला वाटतं, "खेळला असेल, म्हणून गेला डेटा." म्हणून मी फक्त एका आकड्यावर विसंबत नाही. एकूण डेटा भागिले खेळलेली मिनिटं, हा भागाकार करतो. सगळी तपासणी याच भागाकाराभोवती फिरते.

त्यासाठी फोनमधले दोन पडदे लागतात. पहिला डेटाचा. साध्या अँड्रॉइडवर तो इथे सापडतो:

```
Settings > Network & internet > SIMs > App data usage
```

सॅमसंगवर तो Connections च्या आत Data usage मध्ये असतो, आणि बाकी कंपन्यांनी तो आपापल्या मर्जीने इकडेतिकडे हलवला आहे. सापडला नाही तर सेटिंगच्या शोधात `data usage` लिहा. ॲपच्या नावावर टिचकी मारली की त्याचा एकूण डेटा, फोरग्राउंड आणि बॅकग्राउंड असे तीन आकडे दिसतात. वर तारखांचा टप्पा लिहिलेला असतो, तो बघायला विसरू नका. तो महिन्याचा असतो, आजचा नव्हे. घरी वायफाय असेल तर त्याची यादी वेगळी असते. दिवसभर वायफायवर असलेल्या फोनचा चोर मोबाइल डेटाच्या यादीत कधीच सापडत नाही.

दुसरा पडदा डिजिटल वेलबीइंगचा, म्हणजे कुठलं ॲप किती मिनिटं पडद्यावर होतं त्याचा. तिथे मागच्या दिवसांवर एकेक करत जाता येतं. बॅटरीचा पडदा मी तिसरा मानतो, पुरावा म्हणून कमी आणि साक्षीदार म्हणून जास्त. त्यातली टक्केवारी कधी शेवटच्या फुल चार्जपासूनची असते, तर कधी 24 तासांची. ती फोनच्या आवृत्तीवर अवलंबून असते आणि अंदाजाने काढलेली असते. त्यात एकच गोष्ट कामाची: ॲपवर टिचकी मारल्यावर दिसणारी पडद्यावरची वेळ आणि बॅकग्राउंडची वेळ. पडद्यावर 20 मिनिटं आणि बॅकग्राउंडला 6 तास, असं एखाद्या गेमसमोर दिसलं तर थांबायचं. गाण्याच्या ॲपला असं चालतं. गोळ्या फोडायच्या गेमला सहा तास मागे बसून काय काम असणार?

आता काकूंचा फोन. डेटाचा टप्पा सुरू होऊन 11 दिवस झाले होते. यादीत वरून यूट्यूब 6.2 जीबी, मग रंगीत गोळ्या फोडायचा एक गेम 4.1 जीबी, व्हॉट्सॲप 1.4 जीबी, आणि लुडो 0.6 जीबी. कोणालाही वाटेल की यूट्यूबने खाल्लं. काकूंनाही तसंच वाटत होतं. मुलगा रोज बोलायचा, "तू रेसिपी बघतेस म्हणून नेट संपतं." आता मिनिटं घातली. त्याच 11 दिवसांत यूट्यूब 825 मिनिटं, लुडो 440 मिनिटं, गोळ्यांचा गेम 275 मिनिटं.

यूट्यूबचे 6,200 एमबी भागिले 825, म्हणजे मिनिटाला साडेसात एमबी. मध्यम प्रतीच्या व्हिडिओला एवढं लागतंच, त्यात काही खोट नाही. लुडोचे 600 भागिले 440, मिनिटाला जेमतेम 1.4 एमबी. अधूनमधून जाहिरात येते, तेवढ्यात हा हिशेब बसतो. आणि गोळ्यांचा गेम? 4,100 भागिले 275. मिनिटाला 15 एमबी. सलग व्हिडिओ दाखवणारं यूट्यूब जेवढं घेतं, त्याच्या दुप्पट. ज्या गेमला खेळायला मुळात नेटच लागत नाही, त्याने.

एवढ्यावर मी फासावर लटकवत नाही. कारण जाहिरात दिसते तीही डेटा खाते. ती किती, हे मोजता येतं. अर्ध्या मिनिटाची व्हिडिओ जाहिरात सेकंदाला दीड मेगाबिट या गतीने आली, तर 45 मेगाबिट, भागिले 8, म्हणजे साडेपाच एमबीच्या आसपास. मी धरून चालतो: एका व्हिडिओ जाहिरातीला 6 एमबी. शिवाय सरळमार्गी गेमसुद्धा पुढची एखादी जाहिरात आधीच उतरवून ठेवतात, म्हणजे मोजलेल्या जाहिरातींत आणखी एक-दोन मिळवायच्या.

मग काकूंना चहा दिला आणि मीच 20 मिनिटं गोळ्या फोडत बसलो. सुरुवातीला गेमचा आकडा लिहून घेतला, वायफाय बंद ठेवलं, आणि दिसलेल्या प्रत्येक जाहिरातीची कागदावर रेघ मारली. पाच रेघा झाल्या. पाच दिसलेल्या आणि दोन साठवलेल्या धरल्या तर 42 एमबी. प्रत्यक्षात आकडा वाढला 214 एमबीने. उरलेले 172 एमबी कुणी पाहिले? ना मी, ना काकूंनी. फोनचा मागचा भाग मात्र कॅमेऱ्याजवळ चांगला तापला होता.

हीच चाचणी बॅटरीसाठी करायची असेल तर फ्लाइट मोड वापरा. तोच गेम, तोच उजेड, 20 मिनिटं फ्लाइट मोडवर आणि नंतर 20 मिनिटं डेटा चालू ठेवून. काकूंच्या फोनवर पहिल्या वेळी बॅटरी 3 टक्के उतरली, दुसऱ्या वेळी 7. दोन्ही वेळा फोन थंड असताना सुरुवात करा आणि सिग्नल चांगला असेल तिथेच बसा. सिग्नल कमजोर असला की फोनचा रेडिओ जास्त जोर लावतो आणि आळ उगाच गेमवर येतो. डेटा कमी दिसूनही बॅटरी जास्त का उतरते, याचं कारणही रेडिओतच आहे. एक छोटीशी विनंती पाठवून झाली तरी मोबाइलचा रेडिओ लगेच झोपत नाही, आणखी काही सेकंद जागा राहतो. गेमने दर अर्ध्या मिनिटाला एक बारीक विनंती पाठवली तर डेटा नगण्य, पण रेडिओला डोळा लागायची उसंत नाही.

राहिला बॅकग्राउंडचा भाग. काकूंच्या गेमचे 4.1 जीबी म्हणजे 2.9 फोरग्राउंड आणि 1.2 बॅकग्राउंड. 1.2 जीबी नेमके केव्हा गेले ते सेटिंगमधून कळत नाही. तिथे तासातासाचा हिशेब नसतो. म्हणून रात्रीची चाचणी. ही मी काकूंना घरी करायला दिली, कागदावर लिहून. झोपताना गेम उघडून लगेच बाहेर यायचं, वायफाय बंद, चार्जिंग काढलेलं, गेमचा डेटा आणि बॅटरी लिहायची. सकाळी उठल्यावर फोनला हात लावण्याआधी पुन्हा तेच लिहायचं. पहिल्या रात्री गेमचा आकडा 4.31 जीबीवरून 4.39 वर गेला, बॅटरी 74 वरून 58 वर. पडदा बंद, माणूस झोपलेलं, आणि 80 एमबी खर्च.

दुसऱ्या रात्री फक्त एक फरक. गेमच्या App info मध्ये जाऊन Force stop दाबायचं. असं थांबवलेलं ॲप कोणी पुन्हा उघडेपर्यंत अँड्रॉइड स्वतःहून चालू करत नाही. त्या रात्री गेमचा आकडा जागचा हलला नाही आणि बॅटरी 81 वरून 76 वर आली. फरक एकच केला होता, म्हणून निष्कर्षही एकच निघतो. लोक बहुतेक वेळा एका रात्रीत चार ॲप बंद करतात आणि मग कशामुळे गुण आला तेच कळत नाही. रात्र वाया गेली तरी चालेल, पण एका वेळी एकच ॲप थांबवा. थांबवूनही आकडा वाढला, तर दुसरं एखादं ॲप त्याला उठवत असेल. बहुतेकदा त्याच बनवणाऱ्याचं भावंड.

ज्यांच्याकडे संगणक आहे आणि फोनचे डेव्हलपर पर्याय चालू करता येतात, त्यांना याहून पक्का कागद मिळतो. झोपताना फोन केबलने संगणकाला लावा आणि adb या संगणकावरून फोनला आज्ञा देणाऱ्या साधनाने आकडे शून्यावर आणा:

```
adb shell dumpsys batterystats --reset
```

मग केबल काढा आणि सकाळी चार्ज न करता पुन्हा लावून संशयित ॲपचा हिशेब मागा. `pm list packages -3` ने सगळ्या बाहेरून घातलेल्या ॲपची खरी नावं मिळतात. खालच्या नावाच्या जागी तुमच्या गेमचं नाव घाला:

```
adb shell pm list packages -3
adb shell dumpsys batterystats --charged com.example.bubble
```

उत्तर लांबलचक येतं. त्यात तीनच ओळी शोधा. `Mobile network` मध्ये किती एमबी आले-गेले, `Wake lock` मध्ये फोनला किती वेळ झोपू दिलं नाही, आणि `Foreground activities` मध्ये पडद्यावर किती वेळ होता. पहिल्या दोन मोठ्या आणि तिसरी मिनिटभराची किंवा गायबच, तर प्रश्न मिटला. एक फसगत मात्र मी स्वतः करून घेतली आहे: हे आकडे फोन बॅटरीवर असतानाचेच मोजले जातात. रात्रभर फोन केबलला तसाच लटकत ठेवला तर सकाळी सगळं स्वच्छ दिसतं आणि आपण निर्दोष सोडून देतो.

खोट्या आळांची दोन ठिकाणं मला वारंवार भेटतात. पहिलं, गेम नवा घातलेला असतो. मोठे गेम प्ले स्टोअरवरून लहान येतात आणि पहिल्यांदा उघडल्यावर नकाशे, आवाज वगैरे शेकडो एमबी स्वतः उतरवतात. हा डेटा गेमच्या नावावर पडतो. म्हणून भागाकार पहिले दोन-तीन दिवस सोडून करायचा. ॲपचं अपडेट मात्र प्ले स्टोअरच्या खात्यात जातं, गेमच्या नाही. दुसरं, बोलत बोलत खेळायचे ऑनलाइन गेम. त्यांना आवाजासाठी आणि खेळासाठी सतत नेट लागतंच, आणि मिनिटाला एक-दोन एमबी गेले तर त्यात काही नवल नाही. पण तिथेही मिनिटाला 10 एमबी दिसले तर भुवया उंचवाव्यात.

उलट प्रकारची फसगतही असते. असे काही प्रकार गेम घातल्याबरोबर काम सुरू करत नाहीत. 2023 मध्येच मॅकॲफीने दाखवलेल्या दुसऱ्या एका टोळीतली 43 ॲपं पडदा बंद असतानाच जाहिराती चालवायची, आणि तीही घातल्यावर काही आठवडे गप्प बसून. त्यामुळे "गेम तर दोन महिन्यांपासून आहे, तेव्हा त्रास नव्हता" हा बचाव मी मानत नाही. त्या टोळीचं आणखी एक लक्षण उपयोगाचं आहे. ती ॲपं बॅटरी-बचतीतून सूट आणि इतर ॲपवर झळकण्याची परवानगी मागायची. Settings > Apps > Special app access मध्ये Display over other apps ही यादी उघडून बघा. त्यात गेमचं नाव असायला सबळ कारण मला तरी आजवर सापडलेलं नाही. काकूंच्या गेमला ही परवानगी होती, आणि त्याच्या बॅटरीच्या पडद्यावर Unrestricted निवडलेलं होतं. त्यांनी कधी दिली हे त्यांना आठवत नव्हतं. "मधेमधे काहीतरी विचारतं, मी हो म्हणते, नाहीतर गेम पुढे जात नाही," एवढंच म्हणाल्या.

आता उपाय. यात मी कडक आहे. बरेच जण बॅकग्राउंड डेटा बंद करून समाधान मानतात. काकूंच्या बाबतीत त्याने 1.2 जीबी वाचले असते आणि 2.9 जीबी जातच राहिले असते. ज्या गेमने एकदा लपवाछपवी केली, त्याला अर्धा बांधून ठेवण्यात अर्थ नाही. तो काढून टाकायचा, आणि काढण्याआधी प्ले स्टोअरवरच्या त्याच्या पानावर तीन टिंबांतून तक्रार नोंदवायची. त्याच पानावर बनवणाऱ्याच्या नावावर टिचकी मारून त्याचे बाकी गेम बघून ठेवायचे. जाहिराती अडवणारं डीएनएस, म्हणजे जाहिरातींच्या सर्व्हरचा पत्ताच फोनला न देणारी सेवा, लावायचा सल्ला काही जण देतात. डेटा त्याने कमी होतो खरा, पण मग नकार मिळालेला गेम पुन्हा पुन्हा विनंती करत राहू शकतो, आणि बॅटरीचं दुखणं तसंच उरतं.

काढल्यावर एक गोष्ट लोकांना घाबरवते. डेटाच्या यादीत काढलेल्या ॲपचा खर्च "Removed apps" अशा नावाने शिल्लक दिसतो. तो जुना आहे, चालू नाही. तो वाढतोय का एवढंच बघा.

दोन्ही रात्रींचे आकडे हाती आल्यावर काकूंचा गेम काढला. लुडो ठेवला. त्याच्यावर आकडेवारीत डाग नव्हता आणि त्यांचा जीवही त्याच्यावर होता. चार दिवसांनी त्यांचा फोन आला: रात्री नऊला 600 एमबी शिल्लक आणि बॅटरी 42 टक्के. बॅटरीचे पैसे मी परत केले.

तीन आठवड्यांनी पुन्हा आल्या. नातवाने सुट्टीत फळं कापायचा एक गेम घालून दिला होता आणि दुपारी फोन पुन्हा तापायला लागला होता. या वेळी त्यांनी कव्हरच्या आत घडी करून ठेवलेला कागद माझ्यासमोर ठेवला. तारीख, गेमचे एमबी, मिनिटं आणि शेवटी भागाकार, सगळं त्यांनीच लिहिलेलं. मिनिटाला 13. बनवणाऱ्याचं नाव तेच होतं.